मेस, मे महिना आणि उणे चिन्ह

पुण्यात नारायण पेठेत एक मावशी मेस चालवतात. कॉलेजात असताना मी तीन वर्षं त्यांच्याकडे जेवलो. आता त्यांच्या हिशेबाच्या वह्या बघतो. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी बँकेकडे सव्वा लाखाचं कर्ज मागितलं, तेव्हा ताळेबंद घेऊन मी सोबत गेलो होतो. अधिकाऱ्यांनी कागद दोनदा चाळला, एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाले, "तुमचं खेळतं भांडवल उणे आहे. एक लाख सत्तर हजार उणे. असा धंदा चालतो कसा?" मावशींना प्रश्नच कळला नाही. "चालतो म्हणजे? महिन्याला चाळीस हजार सुटतात मला," त्या म्हणाल्या. आठवड्याने अर्ज परत आला.

त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं. पण लाल गोल ज्या आकड्याभोवती होता, तो आकडा एकटा काहीच सांगत नव्हता. का, ते कळायला मेसचा पैसा कसा फिरतो हे आधी पाहावं लागेल.

मेसला शंभर मेंबर आहेत आणि महिन्याचा दर ३,६०० रुपये. एक ते पाच तारखेच्या आत सगळ्यांनी पैसे द्यायचे, मग महिनाभर जेवायचं. म्हणजे पाच तारखेला मावशींच्या हातात ३ लाख ६० हजार येतात आणि तोवर फार तर चार-पाच दिवसांच्या पोळ्या लाटून झालेल्या असतात. खर्चाचं मात्र तसं नाही. भाजी मार्केट यार्डातून रोज रोखीने येते, महिन्याला पन्नास हजारांची. गॅसचे वीस हजार सिलिंडर दारात आल्याबरोबर द्यावे लागतात. जागेचं भाडं तीस हजार, तेही पहिल्या आठवड्यात. हे लाखभर रुपये त्याच महिन्यात जातात. उरलेली देणी मागून येतात. किराणा, म्हणजे तांदूळ, गहू, डाळी, तेल, मसाला मिळून एक लाख वीस हजार, हे सगळं दुकानदाराच्या वहीवर चढतं आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला चुकतं होतं. दूध-दह्याचे तीस हजारही त्याच दिवशी. पोळ्या लाटणाऱ्या बायका आणि वाढपी यांचा पगार मिळून सत्तर हजार, तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. एकूण खर्च ३ लाख २० हजार, सुटतात चाळीस. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण प्रमाण खरं आहे.)

आता महिनाअखेरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. महिन्याचे सगळे पैसे जमा झालेत, सगळी जेवणं वाढून झालीत, आणि तरी किराणा, दूध आणि पगाराचे मिळून २ लाख २० हजार अजून द्यायचेच आहेत. ही रक्कम मावशींची नाही, पण ती त्यांच्या हातात आहे. दहा तारखेला ती जाते, पण त्याआधी पाच तारखेपर्यंत नव्या महिन्याचे पैसे आलेले असतात. विहिरीतून रोज पाणी उपसलं तरी झरा जिवंत असेल तर पातळी तीच राहते, तसं हे आहे. कोणाची तरी सव्वादोन लाखांची रक्कम मावशींकडे कायमची मुक्कामाला आहे, आणि तिच्यावर व्याज म्हणून कोणी काही मागत नाही.

खेळतं भांडवल म्हणजे काय, तर वर्षभरात ज्याचे पैसे होतील असा माल, येणी, रोकड एका बाजूला आणि वर्षभरात जी द्यायची ती देणी दुसऱ्या बाजूला; या दोन्हींतली वजाबाकी. ३१ मार्चला मावशींच्या कोठीत वीस हजारांचा माल होता आणि गल्ल्यात व खात्यात मिळून ६६ हजार. एकूण ८६ हजार. समोर २ लाख २० हजारांची देणी, शिवाय दहा मुलांनी एप्रिलचे ३६ हजार आधीच भरले होते. तेही देणंच, कारण ते जेवण अजून वाढायचं आहे. एकूण २ लाख ५६ हजार. वजाबाकी उणे एक लाख सत्तर हजार. लाल गोलातला आकडा तो हाच.

बँकेचा अधिकारी हा आकडा पाहून दचकला, त्याला इतिहास आहे. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलासाठी कर्ज किती द्यावं याचे ठोकताळे घालून दिले. त्यातल्या एका पद्धतीनुसार चालू मालमत्तेतला चौथा हिस्सा धंदेवाल्याने स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून आणायचा. त्याचा हिशेब केला की चालू मालमत्ता ही चालू देण्यांच्या १.३३ पट यावी लागते. बँकेत नोकरीला लागलेल्या कित्येकांच्या डोक्यात हा आकडा पाढ्यासारखा बसलेला असतो. आणि ज्या धंद्यांसाठी तो बेतला, तिथे तो योग्यच आहे. इचलकरंजीचा यंत्रमागवाला घ्या. तो सूत आधी घेतो, मग विणतो, मग कापड उधारीवर व्यापाऱ्याला देतो आणि पैशांसाठी दोन-दोन महिने फेऱ्या मारतो. त्याचा पैसा आधी जातो आणि मग येतो. त्याला मधला काळ निभवायला भांडवल लागणारच. त्याचं खेळतं भांडवल उणे दिसलं तर बहुतेक वेळा अर्थ एकच असतो: मालासाठी मिळालेल्या कॅश क्रेडिटमधून त्याने माग विकत घेतले. माग पैसे परत करायला सात वर्षं घेणार, आणि बँक उद्या मागू शकते. तिथे लाल पेन उचललंच पाहिजे.

मेसमध्ये पैसा उलटा वाहतो. आधी येतो, मग जातो. सुपरमार्केट, विमान कंपन्या, सहलींचा धंदा, वार्षिक वर्गणी घेणारी मासिकं, हे सगळे याच घरातले. साबण-बिस्किटांच्या मोठ्या कंपन्याही. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरचं खेळतं भांडवल वर्षानुवर्षं उणे राहिलेलं आहे, आणि तिला बुडीत कोणी म्हणत नाही.

मोठ्या कंपन्यांत हे दिवसांत मोजतात. माल आल्यापासून विकला जाईपर्यंत किती दिवस, विकल्यापासून पैसे येईपर्यंत किती, आणि पुरवठादाराला पैसे किती दिवसांनी देतो. पहिल्या दोन्हींची बेरीज करून त्यातून तिसरा वजा करायचा. याचं गाजलेलं उदाहरण डेल या अमेरिकन संगणक कंपनीचं आहे. १९९८ च्या आर्थिक वर्षाअखेर तिच्याकडे सुटे भाग सरासरी सातच दिवस पडून राहत, कारण ऑर्डर आल्याशिवाय संगणक जोडलाच जात नसे. ग्राहकांकडून पैसे यायला ३६ दिवस लागत. सात आणि छत्तीस मिळून त्रेचाळीस. पुरवठादारांना ती ५१ दिवसांनी पैसे देई. उणे आठ दिवस. म्हणजे डेल विकत असलेल्या प्रत्येक संगणकात आठ दिवस पुरवठादाराचे पैसे राबत होते. अशा कंपनीची विक्री वाढली की भांडवल लागत नाही, उलट हातात रोकड जास्त येते. यंत्रमागवाल्याची विक्री दुप्पट झाली तर त्याला बँकेकडे धाव घ्यावी लागते. मावशींचे मेंबर शंभराचे दीडशे झाले तर पाच तारखेला हातात पावणेदोन-दोन लाख जास्त येतील आणि त्यातला बराचसा भाग पुढच्या महिन्याच्या दहापर्यंत त्यांच्याकडेच राहील.

हा पैसा धंद्याचा नफा नाही, आणि तो मालकाचाही नाही. तो फक्त हातात आहे, आणि धंदा चालू आहे तोवरच आहे. मला वाटतं, या विषयात माणसं फसतात ती नेमकी इथे.

मावशींच्या ताळेबंदाकडे परत येऊ. नीट पाहिलं तर आधी एक प्रश्न पडायला हवा. मेंबर आधी पैसे देतात आणि मावशी नंतर, एवढ्यानेच खेळतं भांडवल उणे होत नाही. सव्वादोन लाखांची देणी आहेत तर तितकीच रोकडही हातात असायला हवी होती. मग ती कमी कशी? उत्तर सोपं होतं. त्या वर्षी त्यांनी कणीक मळायचं यंत्र आणि मोठा डीप फ्रीजर घेतला आणि शेजारच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. एकूण एक लाख नव्वद हजार. कर्ज काढलं नाही, कारण गल्ल्यात पैसे दिसत होते. किराणावाल्याचे आणि पोळीवाल्या बायकांचे पैसे यंत्रात जाऊन बसले.

आता समजा मावशींनी यंत्र घेतलंच नसतं. त्याऐवजी वर्षभर तेल आणि गॅस महागत गेले, त्यांनी दर मात्र वाढवला नाही, आणि त्यात एक लाख नव्वद हजारांचा तोटा झाला. ३१ मार्चला काय दिसलं असतं? कोठीत तोच वीस हजारांचा माल, हातात तेच ६६ हजार, देणी तीच, उणे तेच. लाल गोलातल्या आकड्यात एका पैशाचाही फरक पडला नसता. एकीकडे रोज दोन माणसांचं काम वाचवणारं यंत्र, दुसरीकडे वर्षभर गळालेला पैसा, आणि आकडा दोन्हीकडे एकच. म्हणून उणे चिन्ह पाहून घाबरण्याआधी ताळेबंदाची उरलेली अर्धी बाजू आणि नफ्या-तोट्याचा कागद उघडावा लागतो. पैसा कुठे गेला, हे तिथे लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट वहीत दिसते. किराणावाल्याचं देणं गेल्या वर्षी किती होतं आणि मेंबर किती होते? मेंबर तेवढेच असताना देणं एक लाख वीस हजारांवरून दोन लाखांवर गेलं असेल, तर दहा तारखेचा वायदा पाळला जात नाही एवढाच त्याचा अर्थ. रीतीने मिळालेली उधारी आणि थकबाकी ताळेबंदात एकाच नावाने एकाच ओळीत बसतात. त्या वेगळ्या ओळखायच्या तर दिवस मोजावे लागतात. देणं विक्रीच्या मापाने वाढत असेल तर ठीक आहे. विक्री जागेवर आणि देण्याचे दिवस लांबत चालले असतील तर तो धंदा पुरवठादारांच्या गळ्यात पडून जगतो आहे. मावशींच्या वहीत दहा तारखेच्या दहा तारखेला टिकमार्क होता, अकरा महिने.

बारावा महिना मे.

मे महिन्यात परीक्षा संपून मुलं गावी जातात. शंभरातले पस्तीस मेंबर राहतात, बहुतेक नोकरी करणारे. पाच तारखेला ३ लाख ६० हजारांऐवजी १ लाख २६ हजार आले. एप्रिलअखेर हातात तीस हजार उरले होते. एकूण १ लाख ५६ हजार. समोर एप्रिलचा किराणा, दूध आणि पगार मिळून २ लाख २० हजार, कारण एप्रिलमध्ये जेवले ते शंभरजण. शिवाय मेची भाजी आणि गॅस पंचवीस हजार, आणि भाडं पूर्ण तीस हजार, त्याला मेंबर कमी झाल्याचं काय! एकूण लागणार पावणेतीन लाख. तूट एक लाख एकोणीस हजार. मावशींनी बँकेकडे सव्वा लाख मागितले होते ते यासाठी. बँकेच्या अधिकाऱ्याने धोका ओळखला, पण तो चिन्हात आहे असं त्याला वाटलं. धोका मे महिन्यात होता. त्याने एकदा विचारलं असतं की मेंबर कोणत्या महिन्यात कमी होतात आणि जुलैत परत येतात का, तर कर्ज द्यायचं की नाही हे त्याला पाच मिनिटांत ठरवता आलं असतं. मावशींनी बांगड्या तारण ठेवून पगार दिले. जुलैत मेस भरली आणि बांगड्या सुटल्या.

मुलं जुलैत परत येतात म्हणून हे निभावलं. येणारच नसती तर काय झालं असतं, हे बघायचं असेल तर थॉमस कुक या ब्रिटिश सहल कंपनीकडे पाहावं. १८४१ पासूनचं नाव. ग्राहक उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे महिने-महिने आधी भरायचे आणि स्पेन, ग्रीस, तुर्कस्तानातल्या हॉटेलांना कंपनी पैसे द्यायची ती पर्यटक राहून गेल्यावर, पुष्कळ दिवसांनी. उन्हाळ्यात तिजोरी भरायची, हिवाळ्यात हॉटेलांची बिलं चुकवताना ती रिकामी व्हायची. म्हणजे आपल्या मेसचाच मे महिना, फक्त तो दर हिवाळ्यात यायचा आणि पौंडांत मोजायचा. अशी ये-जा वर्षानुवर्षं चालते, जोवर पुढच्या हंगामाचे पैसे भरणारे लोक येत राहतात. पण या कंपनीवर जुन्या खरेदी-विलीनीकरणांचं प्रचंड कर्ज होतं. मे २०१९ मध्ये तिने सहामाहीचा दीड अब्ज पौंडांचा तोटा जाहीर केला आणि ती टिकेल का, याची उघड चर्चा सुरू झाली. ज्याला कंपनी टिकण्याची खात्री नाही तो आगाऊ पैसे कशाला भरेल? आणि हॉटेलवाला उधारी कशाला देईल? हातात मुक्कामाला असलेला पैसा असा दोन्ही दारांनी बाहेर पडतो. सप्टेंबरमध्ये ट्युनिशियातल्या हम्मामेत इथल्या एका हॉटेलने तर गेट बंद करून पर्यटकांकडेच पैसे मागितले. २३ सप्टेंबर २०१९ ला कंपनी बंद पडली. परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमानांनी परत आणलं. (मुंबईची थॉमस कुक इंडिया ही २०१२ पासून वेगळ्या मालकीची कंपनी. तिला आपला संबंध नाही, हे तेव्हा लोकांना समजावत बसावं लागलं.)

दुकान आणि सहल यांतला फरकही इथे दिसतो. दुकानदाराने उधारीवर घेतलेला माल निदान फळीवर असतो. पडत्या भावाने का होईना, विकता येतो. सहलीचे आगाऊ पैसे खर्च झाले की मागे काहीच उरत नाही, उरतं ते फक्त दिलेलं वचन. देण्यांमध्ये ग्राहकांचे आगाऊ पैसे जितके जास्त, तितकी रोकड बाजूला ठेवायला हवी असं मी मानतो.

आता तिसऱ्या माणसाबद्दल बोललं पाहिजे, ज्याचं नाव मावशींच्या ताळेबंदात 'देणी' या एका शब्दात संपतं. उणे खेळतं भांडवल म्हणजे कोणाचं तरी अधिक खेळतं भांडवल. डेलचे आठ दिवस कोणीतरी सोसत होतं. आपल्याकडे लहान पुरवठादाराला यातून वाचवण्यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात मुदत घातलेली आहे: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. ती फारशी कोणी मनावर घेत नव्हतं. मग २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकरात तरतूद आणली, जिला व्यापारी 'फॉर्टी-थ्री बी एच' म्हणून ओळखतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. मार्च महिन्यात जुनी बिलं एकाएकी चुकती होऊ लागली, त्यामागे हे होतं.

पण उधारी फुकट नसते, हे मावशींना कळलं ते कायद्यामुळे नव्हे, तर किराणावाल्यामुळे. मी त्यांना दुकानदाराला सहज विचारायला सांगितलं, रोख दिले तर काय कमी करशील? तो म्हणाला, शेकडा दोन. मेसचा माल महिनाभर थोडा थोडा येतो आणि पैसे दहा तारखेला जातात, म्हणजे सरासरी उधारी पंचवीस दिवसांची. पंचवीस दिवसांना दोन टक्के, वर्षाचे जवळजवळ एकोणतीस टक्के झाले. बिनव्याजी वाटणारा पैसा बँकेच्या कर्जाच्या दुपटीहून महाग होता, फक्त ते व्याज डाळीच्या भावात मिसळलेलं होतं. याच कारणासाठी काहीजण जाणूनबुजून उलट वाटेने जातात. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढणारं डीमार्ट पुरवठादारांना आठवडा-दीड आठवड्यात पैसे देण्यासाठी ओळखलं जातं. उधारीचे दिवस सोडायचे आणि त्याबदली भाव पाडून घ्यायचा, असा तो सौदा आहे. ग्राहक तिथेही रोखच देतो. म्हणजे उणे भांडवल सहज मिळवता येईल अशा धंद्यातही ते नको म्हणण्यात शहाणपण असू शकतं.

मावशींनी डिसेंबरपासून दर महिन्याला पंचवीस हजार वेगळ्या खात्यात टाकले, मे महिन्यासाठी. एप्रिलअखेर सव्वा लाख झाले आणि या वर्षी बांगड्या हातातच राहिल्या. किराण्याची सगळी उधारी एकदम तोडायची तर लाख-सव्वा लाख एकरकमी लागतील, तेवढे त्यांच्याकडे नाहीत. म्हणून त्यांनी तेलापासून सुरुवात केली आहे. पाच तारखेला मुलांचे पैसे जमा झाले की सहाला तेलाचे डबे रोखीने येतात, दोन टक्के कमी भावात. तांदूळ आणि डाळी अजून वहीवर आहेत.